सकाळी सात ते साडेअकरा : फाउंड्रीतील गुणवत्ता अभियंत्याचे काम अर्जापूर्वी पाहण्याच्या विनंतीचे एक प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीने, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यांत ओतून कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्याने, 'गुणवत्ता अभियंता, वाळू व धातू' या पदासाठी जाहिरात दिली होती. जाहिरातीत कामाचे वर्णन तीन ओळींत संपले होते : वाळूच्या चाचण्या, स्पेक्ट्रो या उपकरणावर धातूचे विश्लेषण, आणि रिजेक्शनचा म्हणजे बाद मालाचा अहवाल, काम शिफ्टप्रमाणे. आमच्या तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन बाहेर पडलेली आणि गोकुळ शिरगावातील एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात तीन वर्षे काम केलेली एक माजी विद्यार्थिनी ही जाहिरात घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आली. मी या संस्थेत प्रशिक्षण व नियुक्तीचे काम पाहतो आणि त्याआधी काही वर्षे फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत होतो, म्हणून तिचा प्रश्न माझ्या परिचयाचा होता. तयार कास्टिंग हातात आल्यानंतरचे काम तिला उत्तम येत होते. परंतु ते कास्टिंग जिथे जन्माला येते तिथले काम प्रयोगशाळेत बसून करायचे असते की मोल्डिंग लाइनवर फिरून, त्यात निर्णय कोणाचा चालतो, आणि धूळ, उष्णता व पाळी यांसह ते आपल्याला रोज झेपेल का, हे तिला अर्ज करण्यापूर्वी डोळ्यांनी पाहायचे होते. त्यासाठी तिने अर्ध्या दिवसाची भेट कशी मागितली, पहिली विनंती का फसली, दुसरी का मान्य झाली आणि प्रत्यक्ष भेटीत काय हाती लागले, याची ही नोंद तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून लिहिली आहे.

पहिली विनंती तिने माझ्याकडे येण्यापूर्वीच पाठवली होती. ती कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या सर्वसाधारण ईमेल पत्त्यावर गेली होती आणि तिचा आशय एवढाच होता की, आपल्या नामांकित कंपनीला भेट देऊन तेथील कामकाज समजून घेण्याची इच्छा आहे, तरी परवानगी मिळावी. दोन दिवसांत उत्तर आले की औद्योगिक भेटीसाठी महाविद्यालयामार्फत, विद्यार्थ्यांच्या यादीसह पत्र पाठवावे. तिला हा नकार वाटला, पण पत्र वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहिले तर दुसरे उत्तर संभवतच नव्हते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतील कारखान्यांकडे अभियांत्रिकीच्या मुलांच्या भेटींची पत्रे वर्षभर येत असतात, आणि 'कामकाज समजून घेणे' हे शब्द दिसले की ते पत्र त्याच फाइलमध्ये जाते. एका पदाचे काम पाहायचे आहे, एकटीला पाहायचे आहे आणि ते पाहून अर्ज करायचा की नाही हे ठरवायचे आहे, या तीनही गोष्टी पत्रात कुठेच नव्हत्या. शिवाय मनुष्यबळ विभागातील माणसाला अशी परवानगी स्वतःच्या अधिकारात देता येत नाही. ज्याच्या विभागात बाहेरचा माणूस चार तास उभा राहणार, त्या विभागप्रमुखाने 'माझी हरकत नाही' असे म्हटल्यावरच त्याला पुढचे कागद करता येतात.

दुसरी विनंती लिहिण्यापूर्वी आम्ही ठरवले की पत्राला हात लावायच्या आधी एक गोष्ट शोधायची : या फाउंड्रीत या पदाचे खरे काम दिवसाच्या कोणत्या तासांत घडते. माझ्या मते अशा भेटीचे यशापयश याच एका माहितीवर ठरते आणि बहुतेक लोक तीच विचारत नाहीत. फाउंड्रीत दिवसाचे तास सारखे नसतात. काही ठिकाणी विजेच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दरामुळे भट्टी ठरावीक वेळेतच चालवली जाते, दिवसभर फक्त साचे बनतात आणि ओतकाम नंतर होते. काही ठिकाणी मोल्डिंग आणि ओतकाम एकाच पाळीत चालते. चुकीच्या वेळी गेलेल्या माणसाला थंड भट्टी, धातू ओतण्याचे रिकामे लेडल आणि टेबलावरची रजिस्टरे दिसतात, आणि हे काम म्हणजे कागद भरण्याचे निवांत काम आहे असा पूर्णपणे खोटा समज घेऊन तो घरी जातो.

ही माहिती मिळवण्याचे दोन मार्ग होते. तिच्या मशीन शॉपला कास्टिंग पुरवणाऱ्या फाउंड्रीतील लोकांशी तिचे रोजचे बोलणे होते आणि त्यांना विचारणे सगळ्यात सोपे होते. तो मार्ग मी तिला घेऊ दिला नाही. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींमध्ये पुरवठादार, ग्राहक आणि त्यांचे अधिकारी एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, आणि 'तुमच्या क्वालिटीतल्या मॅडम फाउंड्रीत जायचं म्हणताहेत' हे वाक्य तिच्या साहेबांच्या कानावर जायला एक चहा पुरला असता. नोकरी अजून सोडायची ठरलेली नाही, ज्या पदासाठी अर्जही केलेला नाही, अशा अवस्थेत ते वाक्य महाग पडते. दुसरा मार्ग होता आमच्याच संस्थेतील जुन्या विद्यार्थ्याचा, जो त्या फाउंड्रीत मोल्डिंग विभागात सुपरवायझर होता. तिने त्याला फोन करून शिफारस मागितली नाही; वाळूचा पहिला नमुना किती वाजता घेतात, पहिली हीट, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू, किती वाजता निघते, आणि आदल्या दिवशीच्या रिजेक्शनवर चर्चा कधी होते, एवढेच तीन प्रश्न विचारले. अशा प्रश्नांची उत्तरे देताना कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही, कारण त्यात कोणाची शिफारस नसते आणि कंपनीचे गुपितही नसते.

उत्तरे अशी मिळाली. पहिली पाळी सातला सुरू होते आणि मिक्सरमधून निघालेल्या पहिल्या वाळूचा नमुना सव्वासातच्या सुमारास घेतला जातो. पहिली हीट आठ-साडेआठच्या दरम्यान तयार होते आणि तिचा नमुना स्पेक्ट्रोवर तपासल्याशिवाय धातू लेडलमध्ये घेत नाहीत. आदल्या दिवशीच्या मालातील रिजेक्शन पावणेदहाला कास्टिंग साफ करण्याच्या फेटलिंग विभागात टेबलावर मांडून बघतात आणि त्या वेळी गुणवत्ता, मोल्डिंग व मेल्टिंग या तिन्ही विभागांची माणसे हजर असतात. अकराच्या पुढे फोडलेल्या साच्यांतून परत येणारी वाळू तापू लागते आणि वाळूचे आकडे हलू लागतात. म्हणजे जाहिरातीतल्या तीन ओळी सकाळी सात ते साडेअकरा या वेळेत एकामागून एक प्रत्यक्ष घडत होत्या, आणि दुपारनंतर त्यांची केवळ नोंद होत होती.

यानंतर लिहिलेले पत्र येथे जसेच्या तसे देतो; केवळ नावे गाळली आहेत. ते गुणवत्ता विभागप्रमुखांच्या नावे होते, मनुष्यबळ विभागाला त्याची प्रत होती, आणि पत्राची फाइल ईमेलने पाठवून विभागप्रमुखांना दोन ओळींचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश दिला होता.

'मा. गुणवत्ता विभागप्रमुख यांस, सप्रेम नमस्कार. आपल्या कंपनीने गुणवत्ता अभियंता (वाळू व धातू) या पदासाठी दिलेली जाहिरात मी वाचली. मी यंत्र अभियांत्रिकीची पदविकाधारक असून गेली तीन वर्षे मशीन शॉपमध्ये तपासणीचे काम करते. फाउंड्रीतील कामाचा मला प्रत्यक्ष अनुभव नाही, आणि हे काम जवळून पाहिल्याशिवाय अर्ज करणे मला योग्य वाटत नाही. म्हणून पुढील पंधरवड्यात मंगळवार ते गुरुवार यांपैकी आपल्या सोयीच्या एका दिवशी सकाळी सात ते साडेअकरा या वेळेत, आपल्या विभागातील एका व्यक्तीसोबत राहून वाळूची पहिली चाचणी, पहिल्या हीटचे विश्लेषण आणि रिजेक्शनची पाहणी या तीन गोष्टी केवळ पाहण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. या वेळेत मी कोणतेही काम करणार नाही, यंत्राला वा उपकरणाला हात लावणार नाही, मोबाइल प्रवेशद्वारावर जमा करीन आणि आपण सांगाल त्या मार्गिकेवरच राहीन. सुरक्षा बूट माझे स्वतःचे आहेत; हेल्मेट व गॉगल आपल्याकडून मिळाल्यास आभारी राहीन. आपण सांगाल त्या नमुन्यात हमीपत्र देण्यास मी तयार आहे. ही भेट म्हणजे मुलाखत नव्हे आणि तीमुळे निवडीबाबत कोणतीही अपेक्षा मी ठेवणार नाही. मी सध्या नोकरीत असल्याने ही विनंती आपल्यापुरतीच राहावी, ही नम्र विनंती.'

या पत्रातील प्रत्येक वाक्य समोरच्या माणसाच्या एकेका अडचणीचे उत्तर आहे. सगळ्यात मोठी अडचण अपघाताची असते. कायद्याने ज्याला भोगवटादार म्हणतात, त्या कारखान्याच्या जबाबदार व्यक्तीवर आवारातील सुरक्षिततेचा भार असतो. आणि कामगाराला राज्य कामगार विम्याचे जे संरक्षण असते ते पाहायला आलेल्या बाहेरच्या माणसाला नसते, कारण तो कर्मचारीच नसतो. वितळलेल्या लोखंडाचे तापमान साधारण चौदाशे अंश सेल्सिअसच्या घरात असते, आणि अशा जागी 'मला सगळे पाहायचे आहे' असे लिहिणारा पाहुणा कोणालाही नको असतो. एका माणसासोबत, ठरलेल्या मार्गिकेवर, तीनच गोष्टी पाहणारा पाहुणा मात्र सांभाळता येतो. हमीपत्राने कारखान्याची जबाबदारी संपते असे कोणी समजू नये. त्याचा उपयोग इतकाच की सूचना दिल्या गेल्या आणि त्या समजल्या, याची लेखी नोंद राहते. मोबाइल जमा करण्याचे वाक्य ग्राहकांच्या पॅटर्न व ड्रॉइंगसाठी होते, कारण वाहन उद्योगाचे ग्राहक आपल्या भागांची छायाचित्रे बाहेर गेलेली खपवून घेत नाहीत. आणि दिवस मंगळवार ते गुरुवार यासाठी की सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पडून राहिलेली वाळू कोरडी झालेली असते व सगळ्यांची धावपळ चालू असते, तर महिनाअखेर माल रवाना करण्याची घाई असते. पंधरवडा आम्ही मुद्दाम महिन्याच्या मधला निवडला होता.

'कोणतेही काम करणार नाही' हे वाक्य मात्र तिच्या स्वतःच्या संरक्षणासाठी होते. पाहणे आणि राबणे यांतली रेघ पुसट ठेवली तर अर्ध्या दिवसाची भेट विनामोबदला चाचणी-काम होऊन बसते, आणि मग 'आणखी दोन दिवस येऊन करून दाखवा' असेही सांगितले जाते. ती रेघ पत्रातच आखलेली असली म्हणजे जागेवर वाद घालावा लागत नाही.

चार कामाचे दिवस उत्तर आले नाही. पाचव्या दिवशी तिने एकदाच आठवण केली आणि त्याच दुपारी विभागप्रमुखांचा फोन आला. ते म्हणाले, "तुमचं पत्र वाचलं. या की, हरकत काही नाही, पण सकाळी आम्हांला मान वर करायला वेळ नसतो. दुपारी दोनला या, निवांत सगळं समजावून सांगतो." अशा वेळी होकार मिळाल्याच्या आनंदात नवखा माणूस लगेच 'चालेल सर' म्हणून मोकळा होतो. तिने आभार मानून सांगितले, "सर, समजावून घ्यायला मी दुपारीही येईन, पण सकाळी तुम्हांला मान वर करायला वेळ का नसतो, तेच मला पाहायचंय. मी काही विचारणार नाही, प्रश्न वहीत लिहून ठेवीन आणि शेवटी दहा मिनिटं तुमची घेईन." प्रश्न विचारून कामात व्यत्यय येईल ही त्यांची खरी भीती होती, आणि ती दूर होताच त्यांनी बुधवारची सकाळ दिली. सोबत राहण्यासाठी प्रयोगशाळेतील ज्येष्ठ तंत्रज्ञांचे नाव सांगितले, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो.

तयारीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. तिने सुती सलवार-कमीज घातला आणि ओढणी घरी ठेवली. ओतकामाजवळ कृत्रिम धाग्याचे कापड नको, कारण धातूची ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटते. केस बांधलेले होते. कामावरून तिने अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा घेतली आणि कारण 'वैयक्तिक काम' असे दिले, जे खरेच होते.

सव्वासातला मिक्सरमधून पहिला नमुना निघाला. मामांनी तो चाळून नळीत भरला, दाबला आणि उंची किती टक्के कमी झाली ते पाहिले. या आकड्याला कॉम्पॅक्टॅबिलिटी म्हणतात आणि वाळूत पाणी पुरेसे मुरले आहे की नाही हे त्यावरून सगळ्यात लवकर कळते. येथे मर्यादा अडतीस ते बेचाळीस होती आणि आकडा पस्तीस आला. आकडा कमी म्हणजे वाळू कोरडी. अशा वाळूच्या साच्याच्या कडा ढासळतात आणि सुटलेले कण धातूत जाऊन कास्टिंगमध्ये वाळूची भोके पडतात. आकडा जास्त असता तर वाळू ओली ठरली असती आणि वाफेमुळे ब्लोहोलचा, म्हणजे कास्टिंगमध्ये वायूची पोकळी राहण्याचा, धोका वाढला असता. मामांनी यंत्रावरचा आकडा पाहण्यापूर्वीच मुठीत वाळू दाबून मोडली होती आणि "कोरडी हाय. हातात घेतली की कळतंय, यंत्र नुसतं लिहायला," असे ते म्हणाले होते. पुढच्या बॅचमध्ये पाणी वाढवले गेले, आकडा चाळीसवर आला आणि चाचणीचे काम तेवढ्यात संपले.

पण पदाचे काम तिथे संपले नव्हते. चाचणी होऊन पाणी वाढेपर्यंत पहिल्या वाळूत नऊ साचे बनून रांगेत ठेवले गेले होते. ते मोडायचे की ओतायचे? मामांचे मत मोडायचे होते. मोल्डिंगचे काम ठेकेदाराकडे होते आणि मोल्डरना साच्याच्या नगावर मजुरी मिळत होती. नऊ साचे मोडणे म्हणजे त्यांच्या सकाळच्या कमाईवर पाणी. मोल्डर काही वाईट बोलला नाही. "मामा, वाळू तुमची, साचा माझा, मी का भरायचं?" एवढेच त्याने विचारले, आणि त्या प्रश्नाला मामांकडे उत्तर नव्हते. शेवटी फोरमनने निर्णय दिला की साचे ओतायचे आणि त्यांवर खडूने खूण करायची. ती हे सगळे मार्गिकेवरून पाहत होती. माझ्या दृष्टीने संपूर्ण भेटीचे मोल या दहा मिनिटांत होते, कारण जाहिरातीतील 'वाळूच्या चाचण्या' या शब्दांमागे दडलेली गोष्ट तिथे उघडी पडली : आकडा काढणे कोणालाही शिकता येते, पण तो आकडा ज्याच्या मजुरीला लागतो त्याच्यासमोर उभे राहून तो लागू करणे हे खरे काम आहे, आणि त्यासाठी लागणारा अधिकार त्या घडीला या पदाकडे नव्हता.

साडेआठच्या सुमारास पहिल्या हीटचा नमुना आला. तांब्याच्या साच्यात ओतून झटकन थंड केलेल्या या नाण्याएवढ्या तुकड्याचा पृष्ठभाग घासून तो स्पेक्ट्रोवर ठेवतात. नमुना पूर्ण पांढऱ्या लोखंडाचा व्हावा लागतो. तो सावकाश थंड होऊन त्यात ग्रॅफाइट सुटले तर कार्बनचा आकडा चुकतो, म्हणून मामांनी पहिला नमुना बाजूला टाकून दुसरा मागवला. सिलिकॉन हवे त्यापेक्षा ०.२ टक्क्यांनी कमी निघाले. भट्टीत ५०० किलो धातू होता, म्हणजे एक किलो सिलिकॉन कमी. ७५ टक्क्यांचे फेरोसिलिकॉन वापरून त्यातले साधारण नव्वद टक्के धातूत उतरते असे धरले तर दीड किलोच्या आसपास भर घालावी लागते. मामांनी हा हिशेब तोंडी केला आणि भट्टीवाल्याने तो निमूट ऐकला. इथे वाद झाला नाही, आणि हा फरक तिने वहीत टिपला : धातूच्या बाबतीत प्रयोगशाळेचा शब्द अखेरचा होता, वाळूच्या बाबतीत नव्हता.

या दरम्यान दोन प्रसंग असे आले की ज्यांत पत्रातील वाक्ये कामी आली. एकदा मामा फोनवर गेले आणि प्रयोगशाळेतील शिकाऊ मुलगा म्हणाला, "मॅडम, तेवढं सॅम्पल ठोकून रीडिंग घ्या की, तीन ठोके द्यायचेत फक्त." तिने नम्रपणे नाही म्हटले. तो आकडा रजिस्टरमध्ये जाणार होता, त्यावर कोणाची तरी सही होणार होती, आणि कर्मचारी नसलेल्या माणसाने घेतलेले रीडिंग ग्राहकाच्या ऑडिटमध्ये निघाले तर अडचण मामांची झाली असती. दुसरा प्रसंग पावणेदहाच्या रिजेक्शनच्या टेबलावर आला. ती मशीन शॉपमधून आली आहे हे कळताच एकाने विचारले की तुमच्याकडे कोणाच्या कास्टिंगला सगळ्यात जास्त रिजेक्शन येते. प्रश्न सहज होता, पण उत्तर तिच्या सध्याच्या कंपनीची माहिती होती आणि त्यातून एका पुरवठादाराचे नाव बाहेर पडले असते. "ते मला सांगता यायचं नाही, सर; उद्या तुमच्याबद्दल कोणी विचारलं तरी सांगणार नाही," असे ती म्हणाली. विभागप्रमुखांनी पुढे मला सांगितले की तिच्याबद्दलचे त्यांचे मत त्या वाक्याने बनले.

अकराला वाळू तापू लागली. परत आलेल्या वाळूला हात लावला तर चटका जाणवत होता, पाणी उडून जात होते आणि थोड्याच वेळात आकडा पुन्हा उतरला. मामांच्या प्रयोगशाळा ते मिक्सर अशा फेऱ्या सुरू झाल्या. हे काम बैठे आहे की उभ्याचे, या तिच्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले. धुळीचेही मिळाले : नॉकआउटच्या जागी, जिथे साचे फोडतात, तिथे धूळ दिसत होती आणि मास्क सगळ्यांच्या तोंडावर नव्हते. सिलिका वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही, त्यामुळे ही बाब तिने वहीत स्वतंत्र पानावर लिहिली.

शेवटच्या दहा मिनिटांत तिने चारच प्रश्न विचारले. साचे अडवून ठेवण्याचा अधिकार नव्या अभियंत्याला असेल का? नॉकआउटजवळ रोज किती वेळ थांबावे लागते? तिसऱ्या पाळीत या पदाची पाळी येते का? आणि गेल्या महिन्यातला सगळ्यात वाईट दिवस कोणता व त्या दिवशी काय झाले? हा शेवटचा प्रश्न मी तिला मुद्दाम दिला होता. अर्ध्या दिवसात ग्राहकाची तक्रार, ऑडिट किंवा भट्टी बंद पडलेली रात्र दिसत नाही, आणि पगार वेळेवर होतो का हेही दिसत नाही. पण वाईट दिवसाचे वर्णन करताना माणूस दोष कोणावर ठेवतो ते ऐकले की वरिष्ठाबद्दल बरेच कळते. विभागप्रमुखांनी एका परत आलेल्या मालाची हकीकत सांगितली आणि तपासणीची पद्धत आपणच अपुरी ठेवली होती असे म्हटले. तिसऱ्या पाळीबद्दल ते स्पष्ट बोलले : स्त्रियांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षितता व वाहतुकीच्या अटींवर रात्री काम देण्याची कायद्यात सोय असली तरी कंपनीने तशी व्यवस्था अजून केलेली नाही, त्यामुळे तिला पहिली किंवा सर्वसाधारण पाळीच मिळेल. वरवर हे सोयीचे होते. पण शिफ्ट इन्चार्ज होण्यासाठी तिन्ही पाळ्यांचा अनुभव लागतो, म्हणजे बढतीची वाट तिथे अडणार होती, हेही त्यातून निघत होते. अधिकाराच्या प्रश्नावर ते थोडे थांबले आणि विचार करून सांगतो म्हणाले. निघताना त्यांनी अपेक्षित पगार विचारला, तेव्हा तिने आज पाहायला आले होते, अर्ज केल्यावर त्यावर बोलू, असे सांगितले.

संध्याकाळी पाठवलेल्या आभाराच्या संदेशात तिने एकच गोष्ट विचारली : खूण केलेल्या नऊ साच्यांचे काय झाले ते उद्या कळवाल का. दुसऱ्या दिवशी मामांच्याच फोनवरून उत्तर आले की नवांपैकी चार कास्टिंग वाळूच्या भोकांमुळे बाद झाली. विभागप्रमुखांनी तोच आकडा पुढे करून फोरमन आणि ठेकेदाराशी बोलणे केले, कारण तोवर हा वाद कोणी खडूने खूण करून शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता.

तिने आठवड्याभराने अर्ज केला. सोबतच्या पत्रात भेटीचे वर्णन नव्हते. मशीन शॉपमध्ये वाळूची भोके मशीनिंगनंतर कुठल्या पृष्ठभागांवर उघडी पडतात हे आपल्याला माहीत आहे आणि ती माहिती वाळूच्या आकड्यांशी जोडण्याचे काम करायला आवडेल, असे एक वाक्य होते. मुलाखतीत तिने साचे अडवण्याचा प्रश्न पुन्हा काढला. कंपनीने मान्य केले की वाळू मर्यादेबाहेर असेल तेव्हा त्या बॅचचे साचे विभागप्रमुख येईपर्यंत ओतण्यापासून थांबवण्याचा अधिकार या पदाला राहील, आणि असे साचे मोडावे लागले तर त्यांची मजुरी मोल्डरला दिली जाईल. पहिली अट नेमणूकपत्राला जोडलेल्या कामाच्या वर्णनात लेखी आली; दुसरी ठेकेदाराच्या करारात घालायची असल्याने ती त्या वेळी तोंडीच राहिली. नॉकआउटजवळ मास्क सक्तीचा झाला आहे का, हे रुजू होण्यापूर्वी तिने मामांना विचारले. मास्क आणले आहेत, पण सगळे घालत नाहीत, असे त्यांनी सांगितले. रात्रपाळीचा प्रश्न तसाच राहिला, आणि वर्षभरानंतर त्यावर पुन्हा बोलायचे असे ठरवून तिने मशीन शॉपमध्ये एक महिन्याची नोटीस दिली.